एकच ताप, तीन आकडे: पावसाळ्यातल्या कोकणात थर्मामीटर कसा लावायचा

समजा, जुलैतली संध्याकाळ आहे आणि घर कुडाळच्या आसपासचं. साडेसहाच्या सुमारास पंचेचाळिशीचा एक माणूस लावणीवरून भिजून परत येतो. कालपासून अंग मोडून आलंय, पोटऱ्या दुखताहेत. ओली बनियन काढून तो पडवीत पंख्याखाली बसतो, कपभर गरम चहा घेतो आणि घरात जेवढी म्हणून थर्मामीटर आहेत तेवढी एकामागून एक लावली जातात. कपाळाची गन ३६.२ अंश सेल्सिअस, म्हणजे ९७.२ फॅरनहाइट दाखवते. काखेतला डिजिटल चाळीसेक सेकंदांत बीप देतो आणि ३७.१, म्हणजे ९८.८ सांगतो. आजीच्या कपाटातला पाऱ्याचा थर्मामीटर जिभेखाली धरला तर आकडा निघतो ३९.२, म्हणजे १०२.६. गनवर विश्वास ठेवला तर माणूस ठणठणीत आहे, डिजिटलवर ठेवला तर किंचित कणकण आहे आणि पाऱ्यावर ठेवला तर लगेच रिक्षा बोलवायला हवी.

अशा वेळी घरात एकच निष्कर्ष निघतो: पाऱ्याचाच काय तो खरा, बाकीची खेळणी. इथे तो निष्कर्ष चुकीचा आहे. या तिन्हींपैकी बिघडलेलं एकही नाही, पण तिन्ही आकडे चुकलेले आहेत आणि प्रत्येकाची चूक वेगळ्या कारणाने झाली आहे. ती कारणं कळली की कुठलं साधन कधी उचलायचं हे आपोआप कळतं. या उदाहरणातला खरा ताप किती होता ते पुढे येईलच.

डिजिटल: बीप वाजली म्हणजे काय झालं?

डिजिटल थर्मामीटरच्या धातूच्या टोकात थर्मिस्टर नावाचा एक बारीक तुकडा असतो. तापमान बदललं की त्याचा विजेला होणारा विरोध बदलतो आणि आतली चिप त्यावरून अंश काढते. टोक खरोखर अंगाच्या तापमानाला पोचलं असेल तर चूक साधारण ०.१ अंश सेल्सिअसच्या आत राहते. घरगुती कामाला याहून जास्त अचूकपणा लागत नाही.

गोम आहे ती बीपमध्ये. बीप म्हणजे "ताप मोजून झाला" असं आपण समजतो. थर्मामीटरच्या दृष्टीने तिचा अर्थ एवढाच, की आकडा वाढायचा जवळजवळ थांबला. काही मॉडेलांत १६ सेकंदांत ०.१ अंशापेक्षा कमी वाढ झाली की बीप होते, काहींत त्याहून लवकर. आता काख विचारात घ्या. हात अंगापासून जरा सुटलेला असेल तर काखेत बाहेरची हवा असते, आणि हात घट्ट मिटल्यावर ती त्वचा आतल्या तापमानाला यायला काही मिनिटं लागतात. तोवर टोक त्या अर्धवट गार त्वचेशी जुळवून घेतं, आकडा थबकतो आणि बीप वाजते. आपल्या माणसाची काख भिजलेली होती आणि वर पंखा चालू होता, त्यामुळे ३७.१ वर बीप होणं साहजिकच होतं. टोक बनियनच्या चुणीत अडकलं असतं तर आकडा आणखी खाली आला असता.

काखेत मोजायची योग्य पद्धत अशी. काख सुक्या पंचाने टिपून घ्या. घासू नका, घासल्याने त्वचा तापते. मग थर्मामीटर न लावता हात छातीशी आवळून दोन-तीन मिनिटं बसा, म्हणजे आतली हवा आणि त्वचा गरम होईल. आता थर्मामीटर चालू करा. पडद्यावर आधी मागच्या वेळचा आकडा झळकतो, तो आजचा समजू नका. Lo किंवा नुसता L लुकलुकायला लागला की टोक काखेच्या सगळ्यात खोल खळग्यात, किंचित वरच्या दिशेला राहील असं ठेवा. दंड अंगाला चिकटवा आणि दुसऱ्या हाताने कोपर छातीकडे धरा. बीप वाजली तरी काढू नका, एकूण पाच मिनिटं तसंच राहू द्या. बीपनंतरही आकडा चढत राहतो की नाही हे त्या मॉडेलवर अवलंबून आहे. काही थर्मामीटर बीपबरोबरच आकडा गोठवतात. तुमचा तसा असेल तर बंद करून लगेच पुन्हा चालू करा आणि त्याच जागी, हात न उघडता, दुसऱ्यांदा मोजा. हा दुसरा आकडा धरायचा.

जिभेखाली मोजणं मोठ्या माणसांसाठी काखेपेक्षा बरं, कारण तिथे फरक कमी पडतो. टोक जिभेखाली मधोमध न ठेवता मागच्या बाजूला, डाव्या किंवा उजव्या खोबणीत सरकवायचं. तिथे रक्तवाहिनी जवळ असते. ओठ मिटायचे, दातांनी चावायचं नाही, श्वास नाकाने. नाक चोंदलं असेल आणि माणूस तोंडाने श्वास घेत असेल तर जिभेखाली मोजण्यात अर्थ नाही, सरळ काखेकडे वळा. मोजण्याआधी अर्धा तास चहा, गार पाणी, विडी, पान यातलं काहीही नको.

गन: ती ताप मोजत नाही, कपाळ बघते

कपाळाची गन अंगाला टेकत नाही. प्रत्येक उबदार वस्तूतून डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण बाहेर पडत असतात, ते गनचा सेन्सर पकडतो. त्यावरून निघतं ते कपाळाच्या कातडीचं तापमान, जे निरोगी माणसातही ३४ अंशांच्या आसपास असू शकतं. पडद्यावर ३६.६ दिसतं, कारण बॉडी मोडमध्ये गन खोलीचं तापमान लक्षात घेऊन त्या कातडीच्या आकड्यात भर घालते आणि "जिभेखाली एवढा असेल" असा अंदाज देते. हवं तर सरफेस मोड लावून तेच कपाळ बघा. दोन आकड्यांत दोन-अडीच अंशांचा फरक दिसेल. म्हणजे मोड चुकून सरफेसवर राहिला तर तापाने फणफणलेला माणूसही ३६ दाखवतो. गन हातात घेतली की आधी मोड बघायचा. घरात पोरं असतील तर प्रत्येक वेळी बघायचा.

खोक्यावर ±०.२ किंवा ±०.३ अंश असं लिहिलेलं असतं. ती चूक प्रयोगशाळेतली, स्थिर तापमानाच्या कोरड्या लक्ष्यावर धरलेली. कोकणातल्या पावसाळी कपाळावर तीन गोष्टी तिच्या आड येतात.

पहिली म्हणजे पाणी. अवरक्त किरण पाण्याच्या पातळ थरातूनही आरपार जात नाहीत. कपाळावर घाम किंवा पावसाचा ओलावा असेल तर गनला कातडी दिसतच नाही, तिला फक्त वरचा पाण्याचा थर दिसतो. तो थर वाऱ्याने सुकत असतो आणि सुकताना गार होत असतो. आपल्या माणसाचं कपाळ ओलं, डोक्यावर पंखा, म्हणून ३६.२. गंध, बाम, तेल यांचंही तेच, पुसून काढल्याशिवाय मोजू नका. आणि पुसल्यावर लगेच मोजू नका, पाचेक मिनिटं जाऊ द्या.

दुसरी गोष्ट गनचं स्वतःचं तापमान. सेन्सर स्वतः किती गरम आहे हे धरूनच हिशेब करतो, म्हणून गन ज्या खोलीत वापरायची त्या खोलीत ती अर्धा तास आधी आलेली असली पाहिजे. एसीच्या केबिनमधून किंवा गाडीतून काढून लगेच पडवीत मोजायला गेलात तर दोन घोटाळे होतात. सेन्सर गार असतो आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत थंड भिंगावर दव धरतं, चष्म्यावर धरतं तसंच. भिंगावर वाफ म्हणजे पुन्हा पाण्याचा थर, या वेळी गनच्या बाजूला. बऱ्याच गनच्या माहितीपत्रकावर वापरायची आर्द्रता ८५ टक्क्यांपर्यंत छापलेली असते. किनाऱ्यावर जुलै-ऑगस्टच्या सकाळी हवा त्याहून दमट असणं नेहमीचं. त्यामुळे पावसाळ्यात गन पडवीत वापरायची नाही. माजघरात, वाऱ्याच्या झोतापासून दूर आणि चुलीपासूनही दूर वापरायची.

तिसरी गोष्ट सगळ्यात फसवी, आणि ती गनचा दोषच नाही. ताप चढत असताना हुडहुडी भरते. त्या वेळी शरीर आतली उष्णता राखायला कातडीच्या रक्तवाहिन्या आवळतं. हातपाय गार पडतात, कपाळही तुलनेने गार राहतं आणि आतलं तापमान मात्र झपाट्याने वर जात असतं. नेमकं याच वेळी गन कमी दाखवते. मलेरियात किंवा लेप्टोत माणूस गोधडीखाली दात वाजवतोय आणि गन ३६.८ म्हणतेय, असं दिसलं तर गन बाजूला ठेवा आणि काखेत किंवा जिभेखाली डिजिटल लावा.

गन वापरायचीच असेल तर केस मागे घ्या. दोन भुवयांच्या मध्ये जरा वर नेम धरा. अंतर माहितीपत्रकावर असेल तेवढंच, बहुतेकांचं १ ते ५ सेंटीमीटर, म्हणजे दोन-तीन बोटं. लांबून धरली की तिच्या नजरेच्या टप्प्यात केस आणि मागची भिंतही येते. गन सरळ धरा, तिरकी नको. थोड्या थोड्या वेळाने तीनदा मोजा. ओलावा आणि वारा आकडा खालीच ओढतात, म्हणून तीनपैकी सगळ्यात मोठा धरणं योग्य. माणूस नुकताच उन्हातून किंवा चुलीपासून उठून आला असेल तेव्हा मात्र हा नियम लागू नाही. त्याला आधी सावलीत अर्धा तास बसवा.

मग गनचा उपयोग काय? झोपलेल्या मुलाला न उठवता "वाढलाय का" हे बघायला ती उत्तम. शाळेच्या दारात शंभर पोरांतून चार वेगळी काढायला चांगली. त्या चारांना नंतर डिजिटल लावायचा. तापाचा आकडा वहीत लिहायचा किंवा डॉक्टरांना सांगायचा असेल तर तो गनचा नको.

पारा: खरा, पण घरातून काढायच्या लायकीचा

पाऱ्याच्या थर्मामीटरची करामत त्याच्या गळ्यात आहे. बुडाशी असलेल्या फुग्याच्या वर नळी एका जागी फार अरुंद केलेली असते. पारा गरम होऊन वर चढतो, पण गार झाल्यावर तिथेच तुटतो आणि वरचा भाग जागेवर राहतो. म्हणून तोंडातून काढल्यावरही आकडा वाचता येतो आणि म्हणूनच पुढच्या वेळी झटकावा लागतो. झटकला नाही तर काल रात्रीचा ताप आज सकाळी पुन्हा "येतो". मनगट सैल सोडून, टेबल-भिंतीपासून लांब उभं राहून, ३५ अंशांच्या किंवा ९५ फॅरनहाइटच्या खाली येईपर्यंत झटकायचा. जिभेखाली ३ मिनिटं, काखेत कमीत कमी ५. वाचताना आडवा धरा, डोळ्यांसमोर समपातळीत आणा आणि रुंद चंदेरी पट्टी दिसेपर्यंत बोटांत हळूहळू फिरवा. फॅरनहाइटच्या पट्टीवर प्रत्येक बारीक रेघ ०.२ ची असते, सेल्सिअसवर ०.१ ची. वीज गेलेली असताना मोबाइलच्या टॉर्चमध्ये लोक इथेच एक-दोन रेघांची चूक करतात. पाऱ्याच्या पट्टीत मध्येच फट दिसली तर पारा तुटलाय. झटकून तो सलग झाला नाही तर तो थर्मामीटर वापरातून गेला.

आपल्या माणसाला ३९.२ दाखवलं ते पाऱ्याच्या दोषाने नव्हे. पाच मिनिटांपूर्वी प्यायलेल्या चहाने तोंड तापलेलं होतं. पारा इमानदार असतो, पण तो जिथे ठेवाल तिथलंच सांगतो.

अचूकपणात पारा आणि चांगला डिजिटल सारखेच आहेत, त्यामुळे "पाऱ्याचाच खरा" या श्रद्धेला आता आधार नाही. उलट पारा बाद करायला सबळ कारण आहे. पाऱ्याबद्दलचा मिनामाता करार २०१३ साली झाला, २०१७ ला अमलात आला आणि भारताने तो २०१८ मध्ये मान्य केला. पाऱ्याच्या थर्मामीटरांचं उत्पादन आणि आयात-निर्यात थांबवणं हा त्याचाच भाग आहे. मिनामाता हे जपानमधल्या किनाऱ्यावरचं गाव. तिथल्या कारखान्याचा पारा समुद्रात गेला, माशांत साठला आणि मासे खाणाऱ्या माणसांच्या मज्जासंस्थेत शिरला. बांगड्याशिवाय ज्यांचं ताट पुरं होत नाही त्यांना हे वेगळं समजवायची गरज नाही.

थर्मामीटर फुटलाच तर झाडू आणि व्हॅक्युम क्लीनर यांना हात लावायचा नाही. झाडूने गोळ्यांचे आणखी बारीक थेंब होतात आणि व्हॅक्युम ते वाफ करून खोलीभर पसरवतो. धोका गोळीपेक्षा वाफेचा जास्त. मुलांना बाहेर काढा, खिडक्या उघडा, पंखा बंद ठेवा. हातातल्या बांगड्या, अंगठ्या आधी काढा, पारा सोन्याला चिकटतो आणि डाग कायमचा राहतो. हातमोजे नसतील तर प्लॅस्टिकची पिशवी हातावर चढवा. लग्नपत्रिकेसारख्या जाड कागदाच्या दोन तुकड्यांनी गोळ्या एकत्र लोटत आणा, मोठ्या गोळ्या ड्रॉपरने उचला, उरलेले बारीक कण चिकटपट्टीने टिपा. अंधार करून टॉर्च जमिनीलगत आडवी मारली की राहिलेले थेंब चमकतात. सारवलेल्या जमिनीत पारा भेगांत जातो आणि पुसून निघत नाही. तेवढा वरचा थर खुरप्याने काढून घ्या. सगळं घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत थोड्या पाण्याखाली ठेवायचं, वर "पारा" असं लिहायचं. फुटलेला पाऱ्याचा थर्मामीटर २०१६ च्या घनकचरा नियमांत घातक घरगुती कचरा धरला होता. तो नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीच्या संकलनात वेगळा द्यायचा. परसात पुरायचा नाही, वहाळात टाकायचा नाही, आणि पारा लागलेले कपडे मशीनमध्ये धुवायचे नाहीत.

आणखी एक नेहमीची चूक. पाऱ्याचा थर्मामीटर "निर्जंतुक" करायला गरम पाण्यात बुडवला जातो. त्याची नळी ४२ अंशांच्या जरा वर संपते, पारा पुढे जायला जागा नसते आणि काच फुटते. साबणाच्या गार पाण्याने धुवा. डिजिटललाही उकळतं पाणी नको. टोक साबणपाण्याने पुसून मग स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं की पुरे.

त्याच माणसाचा ताप, या वेळी नीट

आता परत कुडाळच्या पडवीत. कोरडे कपडे घालून, केस पुसून त्याला माजघरात बसवलं. पंखा बंद. अर्धा तास चहा-पाणी नाही. तापाची गोळी अजून दिलेली नाही, कारण ती दिल्यावर मोजलेला आकडा गोळीचा असतो. सव्वासातला डिजिटल जिभेखाली मागच्या खोबणीत लावला: ३८.५, म्हणजे १०१.३. मग काख टिपून, हात आवळून पाच मिनिटं: ३८.०, म्हणजे १००.४. गनने तीनदा मोजून सगळ्यात मोठा: ३७.८, म्हणजे १००.

तीन आकडे अजूनही वेगळे आहेत, पण आता ते एकमेकांशी भांडत नाहीत. काख जिभेपेक्षा साधारण अर्धा अंश सेल्सिअस कमी दाखवते, म्हणून ३८.५ आणि ३८.० हे एकाच तापाचे दोन आकडे आहेत. काखेच्या आकड्यात अर्धा किंवा फॅरनहाइटचा एक अंश मिळवून सांगायची सवय लागलेली असते, ती मोडा. हा फरक प्रत्येकाचा आणि प्रत्येक वेळी सारखा नसतो, आणि डॉक्टरांनीही पुन्हा एक मिळवला तर १०० चा १०२ होतो. आकडा जसा आला तसा लिहा आणि पुढे जागा लिहा. मोठ्या माणसात जिभेखाली ३७.८ किंवा त्याहून जास्त म्हणजे ताप धरा, काखेत ३७.५ पासून. शरीराचं तापमान पहाटे सगळ्यात कमी आणि संध्याकाळी चार ते सहाच्या सुमारास सगळ्यात जास्त असतं. निरोगी माणसातही अर्ध्या अंशाचा फरक पडतो. सकाळी ३६.४ आणि संध्याकाळी ३६.९ हा ताप नव्हे.

कागदावर ओळ अशी उतरवायची: "१२ जुलै, संध्या. ७.१५, जिभेखाली, डिजिटल, ३८.५, गोळीआधी." पुढचे दोन-तीन दिवस रोज त्याच जागी, त्याच थर्मामीटरने, सकाळ-संध्याकाळ आणि हुडहुडी भरेल तेव्हा मोजायचं. साधन किंवा जागा मध्येच बदलली तर चढउतार तापाचा की मोजण्याचा हे कळत नाही.

या माणसाच्या बाबतीत मात्र दोन-तीन दिवस थांबायचं नाही. चिखलात काम, दोन दिवस ताप, पोटऱ्यांत दुखणं, म्हणजे लेप्टोची शंका घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचं. शेतात उतरत होतो हे न विचारता सांगायचं. डोळे लाल किंवा पिवळे झाले, लघवी कमी झाली, धाप लागली तर सकाळचीही वाट बघायची नाही. आणि ताप डेंगूचा निघाला तर एक गोष्ट ध्यानात ठेवा: तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतो तीच धोक्याची वेळ असते. थर्मामीटरवर ३७ दिसलं म्हणून सुटलो असं समजू नका. पोट दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, ग्लानी यांकडे तेव्हाच बघायचं असतं.

घरातला थर्मामीटर बरोबर आहे का, ते कसं बघायचं

बर्फाच्या पाण्याने हे होत नाही. तापाच्या थर्मामीटरची पट्टी ३२ ते ३५ अंशांच्या आसपास सुरू होते, त्याखाली तो नुसता Lo दाखवतो. कोमट पाणी लागतं. तीन-चार लिटरच्या पातेल्यात हाताला सुखद लागेल असं पाणी घ्या. आधी फक्त डिजिटलचं टोक बुडवा. ४१ च्या खाली असल्याची खात्री झाल्याशिवाय पाऱ्याचा त्यात घालू नका. मग दोन डिजिटल, किंवा एक डिजिटल आणि एक पाऱ्याचा, टोकं एकत्र धरून पातेल्याला न टेकवता एकाच खोलीवर बुडवा आणि पाणी पळीने सावकाश ढवळत राहा. पडद्याची बाजू पाण्यात जाऊ देऊ नका. दोन मिनिटांनी दोन्ही एकाच वेळी वाचा, कारण पाणी गार होत असतं. ०.२ पर्यंतचा फरक चालेल. ०.३ किंवा त्याहून जास्त आला तर सेल बदलून पुन्हा बघा. तरीही तसाच राहिला तर शेजारचा तिसरा थर्मामीटर आणा आणि जो एकटा पडेल तो बाद करा.

गन या परीक्षेत बसत नाही. पाण्याचा पृष्ठभाग वाफेमुळे खालच्या पाण्यापेक्षा गार असतो, वर बॉडी मोड त्यात आपली भर घालतो. गनची परीक्षा एकच: ताप नसलेल्या घरातल्या माणसांना दुपारी माजघरात बसवून जिभेखालच्या डिजिटलशी ताडून बघा. कुणाचा फरक अर्ध्या अंशाहून जास्त येतो आणि कुणाचा येत नाही, असं दिसलं तर ती गन फक्त झोपलेल्या मुलांसाठी ठेवा.

तान्ह्या बाळाला फक्त काखेतला डिजिटल

पहिल्या काही महिन्यांत गन नको, पारा तर नकोच. काखेत डिजिटल लावायचा आणि बाळाचा हात अंगाशी हलकेच धरून ठेवायचा. आशाताई नवजात बाळाला घरी बघायला येतात तेव्हा हेच करतात, त्यांच्याकडून एकदा हात कसा धरायचा ते बघून घ्या. काखेत ३६.५ ते ३७.५ ठीक. ३६.५ च्या खाली गेलं तर बाळ गार पडतंय, आईच्या उघड्या छातीशी धरून वरून दोघांना पांघरूण घाला आणि तासाभरात पुन्हा मोजा. ३५.५ च्या खाली असेल तर तसंच छातीशी धरून दवाखान्यात.

बाळंतिणीच्या खोलीत शेगडी, धुरी, दुपट्यावर दुपटं आणि डोक्याला टोपडं असा थाट असतो. त्यात बाळ नुसतं गुंडाळल्यानेही ३७.६, ३७.७ पर्यंत जातं. जास्तीचे कपडे काढा, शेगडी बाहेर न्या आणि अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. तेव्हाही ३७.५ च्या वर राहिलं तर दवाखाना. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ आलं, किंवा ते दूध ओढत नसेल, तर कपडे काढून बघत बसू नका, लगेच निघा.

पावसाळ्यात ठेवायचं कुठे

खाऱ्या दमट हवेत गनच्या सेलची टोकं आणि आतली पत्र्याची स्प्रिंग हिरवट होते. मग गन चालू होते, पण मध्येच बंद पडते किंवा उगाच आकडे नाचवते. गन महिनाभर लागणार नसेल तर सेल काढून ठेवा. हिरवटपणा खोडरबराने घासून निघतो. डिजिटलमध्ये बहुतेक एलआर४१ हा बटण सेल असतो. पडद्यावर सेलचं चिन्ह आलं किंवा आकडे फिकट झाले की बदला, अंदाजाने चालवू नका. जुना सेल मुलांच्या हाती लागणार नाही असा टाका, गिळला तर अन्ननलिका जळते. दोन्ही साधनं घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, चपलांच्या खोक्यातून येणाऱ्या सिलिका जेलच्या दोन पुड्यांबरोबर ठेवा. डबा देवघरावर किंवा फ्रिजवर नको, तिथे धूर आणि ऊब असते. माजघरातल्या फळीवर, लगेच हाताला लागेल असा ठेवा. गनचं भिंग महिन्यातून एकदा कापसाच्या काडीला किंचित स्पिरिट लावून पुसा आणि पूर्ण सुकल्यावरच, साधारण दहा मिनिटांनी, वापरा.